पद नव्हतं, मग गाडीची वेळ कुणी बदलली?

“ताई, मी २६ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात राहते. तालुक्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीत तीन वर्षं हिशोबाचं आणि सभासद नोंदणीचं काम करते. यंदा ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. बाकीचे निबंध कसेबसे लिहिले, नेतृत्वाच्या निबंधावर अडले. ३०० शब्दांत आपल्या नेतृत्वाची उदाहरणं द्यायची आहेत. मी कॉलेजात जीएस नव्हते, एनएसएसला नुसती स्वयंसेवक होते, गावात कसलंच पद नाही. आईच्या बचत गटाचे हिशोब लिहिते, लॉकडाऊनमध्ये गल्लीतल्या पोरांना शिकवलं आणि कॉलेजात असताना एसटीची वेळ बदलावी म्हणून अर्ज दिला होता, एवढंच. मैत्रीण म्हणते, बचत गटाची अध्यक्ष होते असं लिही, कोण बघायला येतंय. काय करू?”

अध्यक्ष होतीस असं लिहू नकोस. ते खोटं आहे हे तर झालंच, पण खरं असतं तरी तुझ्या फार उपयोगाचं नव्हतं. चेव्हनिंगचा हा प्रश्न पुन्हा एकदा सावकाश वाच. त्यात नेतृत्वाच्या जोडीला प्रभाव हाही शब्द आहे. ज्याच्यावर तुझं ऐकायची काही सक्ती नव्हती, त्याला तू कसं राजी केलंस, हे त्यांना बघायचंय. पदावरच्या माणसाचं लोक ऐकतात तेव्हा खुर्चीचं ऐकतात की माणसाचं, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. तुझ्याकडे खुर्चीच नव्हती, त्यामुळे तुझ्या बाबतीत ही शंका कुणाला येणार नाही.

मी काही वर्षं एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी आलेले निबंध वाचले आहेत. पदांची यादी असलेला निबंध हातात आला की मी पेन्सिल घेऊन एकच गोष्ट शोधायचे : या पदावर बसून या मुलाने नेमकं काय केलं? पुष्कळदा शेवटच्या ओळीपर्यंत ती सापडायची नाही. “कार्यक्रमाचे यशस्वी आयोजन केले” यापलीकडे काही नसायचं.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो “एवढंच” हा शब्द. म्हणूनच मी तुला फोन केला होता. त्या तासाभरात जे निघालं, ते तुझ्या परवानगीने इथे लिहितेय, कारण हा पेच तुझ्या एकटीचा नाही. खेड्यातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अर्जदाराचा आहे.

आधी तुझ्या तीन गोष्टींतली कुठली घ्यायची ते ठरवू. माझी पारख साधी आहे. त्या दिवसांत तू तापाने घरी पडून असतीस तर काय झालं असतं? बचत गटाचे हिशोब दुसऱ्या कुणी लिहिले असते, कदाचित थोडे चुकत लिहिले असते, पण गट चालला असता. कर्ज कुणाला द्यायचं, हप्ता कधी घ्यायचा हे निर्णय त्या बायकांचेच होते. शिकवणी नसती झाली तर पोरांचं नुकसान झालं असतं हे खरं, पण तिथे तुला कुणाला पटवावं लागलं नाही. पोरं रिकामीच होती, आया तयारच होत्या. शिवाय त्या दोन वर्षांत शिकलेल्या पुष्कळ मुलामुलींनी हेच केलं आणि हेच लिहिलं. राहिली एसटी. ती गाडी तुझ्याशिवाय सव्वाचारलाच सुटत राहिली असती. म्हणून निबंध एसटीवर. बाकीच्या दोन गोष्टींना त्यात एक ओळसुद्धा देऊ नकोस. ३०० शब्दांत तीन कामं कोंबली की तिन्हींची नुसती नावं उरतात.

आता तू फोनवर जे सांगितलंस ते मी क्रमाने मांडते, आणि कुठल्या ठिकाणी मी तुला थांबवून पुन्हा विचारलं तेही लिहिते.

तू आधी म्हणालीस, “मुलींची गाडी चुकायची, मग आम्ही अर्ज दिला, मग वेळ बदलली.” तीन वाक्यांत कारभार आटोपला. मी विचारलं, गाडी का चुकायची? तेव्हा कळलं की तालुक्याच्या कॉलेजात अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं पावणेपाचला संपायची आणि तुमच्या गावची गाडी ४:१५ ला सुटायची. त्यानंतरची सातची मुक्कामी. हिवाळ्यात ती गावात पोचेपर्यंत काळोख, आणि फाट्यापासून वस्तीपर्यंत पुन्हा चालत. तुझ्या गावच्या पाच मुलींनी त्यापायी प्रात्यक्षिकांना जाणंच सोडलं होतं. बारावीला विज्ञानाच्या प्रत्येक विषयात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, हे तुला आणि मला माहीत आहे. लंडनमध्ये बसून वाचणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. ही एक ओळ निबंधात आली पाहिजे, नाहीतर एका बसच्या ४० मिनिटांनी एवढं काय बिघडलं, हे त्याला उमगणार नाही.

मग मी विचारलं, पहिल्या अर्जाचं काय झालं? तू जरा गप्प झालीस आणि म्हणालीस, “काहीच नाही, दोन महिने उत्तर नाही.” हे तू पत्रात लिहिलं नव्हतंस, निबंधाच्या पहिल्या खर्ड्यातही नव्हतं. माझ्या मते तुझ्या निबंधाचा कणा इथेच आहे. पहिल्या अर्जात तुम्ही दहा मुलींनी सह्या करून पाचची नवी गाडी मागितली होती. आगाराकडे जादा गाडी नव्हती, त्यामुळे अर्ज फायलीत पडला. मग एका वाहकाने तुला सांगितलं, “पोरी, नवी गाडी मागू नको, वेळ बदलून माग. आणि हीच गाडी परत येऊन सव्वासहाला दुसऱ्या गावाला जाते, तेवढं बघून माग. साहेब भारमान विचारतील.”

भारमान हा शब्द तू त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलास. गाडीत जागा किती आणि त्यातल्या किती भरतात, त्याचं प्रमाण. मग तू काय केलंस, असं मी विचारल्यावर तू सहज म्हणून गेलीस, “मग मी मोजलं.” दोनशे पानी वही मागच्या पानापासून उघडून चार रकाने आखलेस : तारीख, सव्वाचारच्या गाडीत बसलेले, सातच्या गाडीसाठी थांबलेले, त्यांतले विद्यार्थी. स्टँडवरच्या पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून १२ दिवस मोजलंस. सव्वाचारला सरासरी १७ माणसं, गाडीत जागा ४४. सातच्या गाडीला २३ विद्यार्थी, त्यांत तुमच्या गावाबरोबर वाटेवरच्या दोन वस्त्यांतले. त्या वहीचं पान तू मला फोटो काढून पाठवलंस. त्यात एका दिवसासमोर “पाऊस, मोजता आलं नाही” असं लिहून पुढे तेरावा दिवस घेतलेला आहे. ते बघून मला फार बरं वाटलं. असं खरं लिहिणाऱ्या मुलीला अध्यक्षपद उसनं आणायची काय गरज?

आणि गाडीचं गणितही तूच मांडलंस. गावाला जायला ३५ मिनिटं, यायला ३५. पाच वाजून दहा मिनिटांनी सोडली तर ती सव्वासहाच्या फेरीला परत येऊ शकत नाही. ४:५५ ला सोडली तर सहा वाजून पाच मिनिटांपर्यंत येते. प्रात्यक्षिक पावणेपाचला संपतं, कॉलेजपासून स्टँड दहा मिनिटांच्या चालीवर. म्हणून मागणी ४:५५ ची, पाचचीही नाही.

इथे मी तुला विचारलं, याला विरोध कुणाचा होता? तू म्हणालीस, “आगाराचा.” मी पुन्हा विचारलं, गावात कुणाचा? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला दोनदा विचारावा. पहिलं उत्तर नेहमी सरकारी कार्यालयाचं येतं, कारण कार्यालयाबद्दल तक्रार करणं सोपं. दुसरं उत्तर आपल्या माणसांचं असतं, ते सांगायला जीभ रेटत नाही. तुझ्या बाबतीत त्या बाजारकरी बायका होत्या. बुधवारी भाजी विकून सव्वाचारच्या गाडीने परतणाऱ्या. त्यांतली एक आजी तुला म्हणाली, “तुमच्या कॉलेजापायी माझ्या म्हशीची धार टळंल.” तिचंही खोटं नव्हतं. धारेची वेळ पुढेमागे झाली की म्हैस आटते आणि तिचं घर दुधावर चालतं.

तू दोन बुधवार त्यांच्या पाटीशेजारी बसलीस. त्यांना समजवायला गेली होतीस, पण तुलाच एक गोष्ट समजली : त्यांची अडचण फक्त बुधवारची आहे. बाकीच्या दिवशी त्यांतली एकही त्या गाडीत नसते, तुझ्या वहीतही ते दिसत होतं. मग मागणी बदलली. बुधवारी गाडी ४:१५ लाच सुटेल, इतर दिवशी ४:५५ ला. बुधवारची प्रात्यक्षिकं दुपारी लवकर घ्यावीत म्हणून तू कॉलेजच्या सरांकडे गेलीस आणि सरांनी एका तुकडीची वेळ बदलली. तीन ठिकाणच्या तीन माणसांनी प्रत्येकी थोडं थोडं सोडलं, तेव्हा कुठे हे जमलं. आणि ते तिघे तुझे कुणी लागत नव्हते.

१५ ऑगस्ट २०१८ च्या ग्रामसभेत ठराव झाला. मी विचारलं, तू बोललीस? तू म्हणालीस, “नाही ताई, मी १९ वर्षांची, माझं कोण ऐकणार. आशाताईंनी विषय मांडला.” आणि लगेच पडेल आवाजात म्हणालीस, “म्हणून तर वाटतं, माझं काय त्यात.” अगं, आशाताईंकडे आदल्या रविवारी वही घेऊन कोण गेलं होतं? गावातल्या प्रत्येक उंबऱ्याआतलं त्यांना ठाऊक, पाचही मुलींच्या आया त्यांच्या ओळखीच्या, म्हणून त्यांच्या तोंडून विषय निघाला तर सभा ऐकेल, हे कुणी ओळखलं? आपण मागे राहून योग्य माणसाला पुढे करणं हा तुझा निर्णय होता. तो निबंधात निर्णय म्हणूनच लिही. “माझ्या वयामुळे सभा माझं ऐकणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी आशाताईंना विनंती केली” एवढं वाक्य पुरे.

दिवाळीनंतर वेळ बदलली. पाचपैकी तीन मुली दुसऱ्या सत्रात प्रात्यक्षिकांना परत आल्या. एकीने कला शाखा घेतली होती, एकीचं लग्न ठरलं होतं. तू मला विचारलंस, पाचही आल्या असं लिहू का, तेवढंच बरं दिसेल. तीनच लिही. आणि उरलेल्या दोघींचं काय झालं तेही अर्ध्या वाक्यात लिही. निबंध वाचणाऱ्याच्या हातात शेकडो निबंध असतात आणि त्यांत सगळ्यांचं सगळं यशस्वी झालेलं असतं. “पाचपैकी तीन” वाचलं की त्याला कळतं, या मुलीने नंतर जाऊन पाहिलंय.

आता लिहिण्याकडे येऊ. तुझा पहिला खर्डा मी वाचला. त्याची सुरुवात “लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड होती” अशी आहे आणि मधे हे वाक्य आहे : “मुलींची होणारी गैरसोय लक्षात घेऊन पाठपुरावा करण्यात आला व बसची वेळ बदलून घेण्यात आली.” आपण शाळेपासून अर्जाची, इतिवृत्ताची मराठी शिकतो, तिच्यात कर्ता लपवायची सोय असते. करण्यात आले, ठरवण्यात आले, निदर्शनास आणून देण्यात आले. कोणी केलं, कोणी ठरवलं, कुणाच्या निदर्शनास कुणी आणून दिलं, याचा पत्ता लागत नाही. कार्यालयाला ते सोयीचं असतं. तू मनात असं मराठी वाक्य धरून इंग्रजीत लिहितेस, तेव्हा इंग्रजीतही कर्ता गायब होतो आणि परीक्षकाला वाटतं, ही मुलगी तिथे नुसती हजर होती.

दुसरी सवय “आम्ही”ची. आपल्याकडे “मी केलं” म्हणणं म्हणजे मिरवणं. चारचौघांत तसं बोलणाऱ्या पोरीला आजी टोकते. ही रीत चांगली आहे आणि गावात ती पाळच. पण या निबंधात “आम्ही” लिहिलंस तर वाचणाऱ्याला तू दिसणार नाहीस, आणि आशाताईही दिसणार नाहीत, कारण “आम्ही”त त्यांचंही श्रेय विरघळतं. म्हणून प्रत्येक कामाला त्याचा माणूस दे. मोजलं मी. सल्ला वाहकाने दिला. विषय आशाताईंनी मांडला. तुकडीची वेळ सरांनी बदलली. असं लिहिलं की मिरवणंही होत नाही आणि लपणंही होत नाही.

खर्डा लिहून झाला की एक काम कर. लाल पेन घे आणि ज्या क्रियापदाचा कर्ता “मी” आहे त्याखाली रेघ मार. मोजलं, विचारलं, बदललं, बसले, विनंती केली, अशी डोळ्यांसमोर उभी राहणारी क्रियापदं हवीत. “पुढाकार घेतला”, “प्रेरणा दिली”, “जनजागृती केली” यांच्याखाली रेघ आली तर ती खोड आणि त्या दिवशी तू प्रत्यक्षात काय केलंस ते तिथे लिही. पहिल्या खर्ड्यात मी रेघा मारल्या, दोनच निघाल्या.

३०० शब्दांची वाटणी मी अशी करीन. परिस्थिती ४५ शब्दांच्या आत. त्यात गावाचा इतिहास नको, दुष्काळाचं वर्णन नको, समाजसेवेची आवड तर नकोच. मधले १७० ते १८० शब्द तू केलेल्या कामाला, त्यातही पहिल्या फसलेल्या अर्जाला आणि बाजारातल्या दोन बुधवारांना जास्त जागा. परिणामाला ५०. उरलेल्या शब्दांत पुढचं : या कामातून जे कळलं ते तू आज कंपनीत कसं वापरतेस. फोन ठेवता ठेवता तू सांगितलंस की सभासद नोंदणीला गेल्यावर आधी बायकांची सवड कुठल्या वेळेला असते ते विचारतेस आणि मग सभेची वेळ ठरवतेस. तेच लिही. म्हणजे २०१८ ची गोष्ट एकदाच घडून गेलेली वाटणार नाही.

मधल्या भागाची सुरुवात मी तुझ्याच शब्दांत जुळवून बघितली. ती अशी :

“माझ्या पहिल्या अर्जाला दोन महिने उत्तर आलं नाही. एका वाहकाशी बोलल्यावर चूक कळली : आगाराकडे जादा गाडी नव्हती आणि मी नवी गाडी मागत होते. मी मागणी बदलली. १२ दिवस स्टँडवर उभी राहून मी प्रवासी मोजले. ४४ जागांच्या गाडीत सरासरी १७ जण होते आणि पुढच्या गाडीसाठी २३ विद्यार्थी ताटकळत होते. ४० मिनिटं उशिरा सोडली तरी तीच गाडी पुढच्या फेरीला वेळेत परतते, हे मी दाखवलं. पण बाजारातून परतणाऱ्या बायकांचा विरोध होता. मी दोन बाजारांच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून ऐकून घेतलं, तेव्हा त्यांची अडचण आठवड्यातून एकाच दिवसाची आहे असं दिसलं.”

हे जवळपास ८५ शब्द आहेत आणि त्यात नेतृत्व हा शब्द एकदाही नाही. तो नसला तरी चालेल. इंग्रजीत करताना शब्द थोडे वाढतील, म्हणून मराठी खर्डा २५० शब्दांवर थांबव. आधी मराठीत लिही, हे मी मुद्दाम सांगतेय. तुझ्या इंग्रजी खर्ड्यात मोठमोठे शब्द आहेत, कारण तिथे तू घटना आठवत नव्हतीस, शब्द आठवत होतीस. अर्ज इंग्रजीतच जायचाय, पण साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांनी कुणाचे गुण जात नाहीत.

काही शब्द वाचणाऱ्याला उलगडून द्यावे लागतील, तेही वाक्य न मोडता. ग्रामसभा म्हणजे गावच्या सगळ्या मतदारांची सभा, आशाताई म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावातच थांबणारी शेवटची बस. चार-पाच शब्दांत भागतं. भारमान हा शब्द न लिहिताच आकडे दे, तेच बोलतील.

गरिबीबद्दलही बोलते, कारण तुझ्या खर्ड्यातले साठेक शब्द वडिलांच्या कर्जावर गेले आहेत. ते खरं आहे आणि मला ते वाचून वाईट वाटलं. पण हा प्रश्न तुला काय सोसावं लागलं याचा नाही. ज्या हलाखीचा गाडीच्या गोष्टीशी थेट संबंध आहे तेवढीच ठेव. सातच्या गाडीने उतरून तू स्वतः अंधारात दोन किलोमीटर चालत घरी जायचीस, हे एक वाक्य ठेव, कारण त्याने हा प्रश्न तुझा का झाला ते कळतं. कर्जाची गोष्ट या निबंधातून काढ.

मैत्रिणीच्या “कोण बघायला येतंय” याचं उत्तर मुलाखतीत मिळतं. अर्ज पुढे गेला तर मुलाखतीला बोलावतात आणि तिथे निबंधातलाच धागा धरून खोदून विचारतात. कुणी नकार दिला तेव्हा काय केलंस, आज पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करशील, तुझ्याशी असहमत असलेल्या माणसाचं म्हणणं काय होतं. खोट्या अध्यक्षाला यांतल्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही. तुला म्हशीची धार आठवेल.

त्यासाठी कागद मात्र गोळा कर. दुसऱ्या अर्जाची आगाराचा शिक्का असलेली पोहोच तुझ्याकडे आहे असं म्हणालीस. ठरावाची नक्कल ग्रामपंचायतीत अर्ज करून मिळेल. हे निबंधाला जोडायचं नाही. तारखा आणि आकडे तुझे तुला पक्के हवेत म्हणून. सात वर्षांत आठवण सरकते, वहीतला आकडा सरकत नाही. आणि सरपंचांकडून “उत्कृष्ट नेतृत्व” असं लिहिलेलं प्रमाणपत्र आणायचा विचार डोक्यात असेल तर सोड. त्या कागदावर कुणी काही ठरवत नाही.

संदर्भपत्रं दोन लागतात. एक कंपनीच्या व्यवस्थापकांचं घे, रोजचं काम त्यांनी पाहिलंय. दुसरं तू एका माजी आमदारांकडून घेणार होतीस. ते तुला ओळखत नाहीत, पत्रही त्यांचा सहायक लिहील. त्यापेक्षा बुधवारच्या तुकडीची वेळ बदलून देणाऱ्या सरांकडे जा. त्यांना तुझा निबंध वाचायला दे आणि त्यांना आठवतं तसं लिहा म्हणून सांग. त्यांच्या पत्रात तुझ्या निबंधातलीच घटना दुसऱ्या बाजूने आली, तर त्याहून चांगला पुरावा नाही.

कामाच्या तासांची काळजी तुला नको. किमान २,८०० तासांचा अनुभव मागतात, तो कंपनीतल्या तीन वर्षांत कधीच भरलाय.

आता परिणामाचा भाग. फोनवर अगदी निरोप घेताना तू एक गोष्ट बोललीस आणि ती तुला किरकोळ वाटत होती. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद पडल्या, पुढे २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप झाला, आणि सगळं सुरळीत होईपर्यंत ती वेळ पुन्हा ४:१५ वर गेली होती. २०२२ च्या जूनमध्ये बारावीच्या दोन मुली तुझ्या घरी आल्या. त्यांना तू नको होतीस, वही हवी होती. त्यांनी तुझे रकाने बघून आपले नवे १२ दिवस मोजले, स्वतःच अर्ज दिला आणि गाडी परत ४:५५ वर आणली. तू फक्त वही दिलीस आणि बुधवारचं लक्षात ठेवा म्हणून सांगितलंस.

परिणामाच्या ५० शब्दांतले निम्मे याला दे. तीन मुली परत आल्या हा पहिला परिणाम, आणि तू नसताना दुसऱ्यांनी तेच काम करून दाखवलं हा दुसरा. दुसरा जास्त वजनाचा आहे.

त्या दोघींपैकी एकीचा नंबर तुझ्याकडे आहे. उद्या तिला फोन कर आणि विचार, गाडी आज किती वाजता सुटते. ४:५५ म्हणाली तर तसं लिही, वेळ पुन्हा बदलली असेल तर तेही जसंच्या तसं लिही. मग खर्डा मला पाठव, आधी मराठी.